एमआरआयमध्ये दिसलेली ओल

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये तळाशी, ‘इम्प्रेशन’ या मथळ्याखाली एक ओळ येते: दोन्ही एसआय जॉइंट्समध्ये बोन मॅरो इडिमा, सॅक्रोइलायटिसची शक्यता. विशी-तिशीतल्या माणसाच्या हातात हा कागद पडला की घरात दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया उमटतात. ‘मॅरो’ हा शब्द वाचून कुणाच्या मनात थेट कॅन्सर येतो. कुणाला वाटते, कंबरदुखीच आहे, तेल लावले आणि पट्टा बांधला की होईल बरी. हे दोन्ही चूक. त्या ओळीचा खरा अर्थ रिपोर्टमध्ये अर्धाच असतो. उरलेला अर्धा रुग्णाच्या दुखण्याच्या कहाणीत असतो.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते कुणा एका व्यक्तीचे नाही, पण संधिवाततज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण नेहमी येतात. सत्तावीस वर्षांचा तरुण, कारखान्याच्या क्वालिटी विभागात कामाला. दीड वर्षापासून कंबर दुखते. पडल्याचे किंवा जड उचलल्याचे काही आठवत नाही, दुखणे हळूहळू सुरू झाले. दुखते ते नेमके कंबरेत नाही, खाली कुल्ल्यात, आणि तेही कधी उजवीकडे तर कधी डावीकडे. पहाटे चारच्या सुमारास दुखण्याने जाग येते. उठून घरात चार फेऱ्या मारल्या की बरे वाटते. सकाळी मोजे घालायला वाकता येत नाही, तासाभराने अंग मोकळे होते. रविवारी दिवसभर लोळत पडले की सोमवार जास्त वाईट जातो.

पहिला एमआरआय का फसला

त्याने आधी एक एमआरआय केला होता, पाठीच्या खालच्या मणक्यांचा. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी किंचित बाहेर आलेली दिसली. ‘गादी सरकली आहे, आराम कर, पट्टा बांध,’ असा सल्ला मिळाला. आरामाने दुखणे वाढले.

दोष त्या मशिनचा नव्हता. गादीचा किंचित फुगवटा कंबर अजिबात न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही सापडतो, म्हणून तो दिसला एवढ्यावरून दुखण्याचे कारण मिळाले असे होत नाही. शिवाय मणक्यांच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये एसआय जॉइंट, म्हणजे सॅक्रोइलियाक सांधा, नीट येतच नाही. पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेले त्रिकोणी हाड आणि त्याच्या दोन्ही बाजूंची कमरेची पसरट हाडे जिथे जुळतात, तिथे हे दोन सांधे असतात. ते सरळ नसतात, तिरके असतात. म्हणून त्यांची चित्रे घेताना काप त्या त्रिकोणी हाडाच्या लांबीला समांतर, तिरके घ्यावे लागतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एसआय जॉइंट्स’ असे लिहिले नाही तर तपासणी दुसऱ्याच जागेची होते आणि रिपोर्ट त्या जागेपुरता बरोबर येतो.

या तरुणाच्या कहाणीत खरे सूत्र होते. चाळिशीच्या आत सुरुवात, नकळत आणि हळूहळू, व्यायामाने आराम, विश्रांतीने आराम नाही, आणि रात्री दुखून उठल्यावर बरे वाटणे. यापैकी चार गोष्टी जुळल्या तर डॉक्टर त्याला दाहजन्य कंबरदुखी म्हणतात. गादीमुळे किंवा स्नायूंच्या ताणामुळे होणारी कंबरदुखी बहुधा याच्या उलट वागते. काम केले की वाढते, आडवे झाले की कमी होते. आणखी एक खूण होती. दुखण्याची गोळी घेतली की त्याला एक-दोन दिवसांत ठळक फरक पडायचा. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘फार काही नाही’ असा लावला, पण तोच आजाराचा इशारा होता.

पुढे रक्तात सीआरपी नऊ आली. प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा साधारण पाच असते. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह निघाले. कमरेच्या एक्स-रेमध्ये मात्र ‘संशयास्पद’ याखेरीज काही सांगता आले नाही. हे अपेक्षितच होते, कारण एक्स-रेला हाडाची झालेली झीज आणि जोडलेले सांधे दिसतात, आणि तो बदल दिसण्याइतका व्हायला वर्षे जातात. आत चाललेली सूज एक्स-रेला दिसत नाही.

पांढरे कसे दिसते

एमआरआय हाडाचे छायाचित्र काढत नाही. त्याला मुख्यतः पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे कण कळतात. हाडाचे वरचे कवच घट्ट असते आणि चित्रात काळे येते. आतला भाग मात्र जाळीदार असतो, आणि त्या जाळीत मज्जा, म्हणजे मॅरो, भरलेली असते. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडांमधल्या मज्जेत चरबी भरपूर असते.

या सांध्यासाठी दोन प्रकारची चित्रे महत्त्वाची. पहिल्या प्रकाराला टी-वन म्हणतात. त्यात चरबी उजळ दिसते, म्हणून निरोगी मज्जा उजळ येते. दुसऱ्याला स्टर म्हणतात. त्यात यंत्र चित्र टिपण्याची वेळ अशी साधते की चरबीचा संकेत जवळजवळ शून्यावर येतो. चरबी काळी पडली की जिथे जास्त पाणी आहे तेवढेच पांढरे उठून दिसते. या कामासाठी शिरेत गॅडोलिनियमचे इंजेक्शन देण्याची बहुतेक वेळा गरज नसते. स्टर आणि टी-वन शेजारी ठेवून वाचले की पुरते.

आता इडिमा. सांध्याच्या कडेला दाह सुरू झाला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव झिरपतो, पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि मज्जेतल्या चरबीची जागा घेतात. चरबी घटली आणि पाणी वाढले म्हणून तो भाग स्टरमध्ये पांढरा आणि टी-वनमध्ये गडद होतो. म्हणजे ‘बोन मॅरो इडिमा’चा अर्थ मज्जेचा कॅन्सर असा नाही. हाडाच्या जाळीदार भागात नेहमीपेक्षा जास्त पाणी आहे, एवढेच त्यातून कळते.

पावसाळ्यात भिंतीवर ओल दिसावी तसे हे आहे. ओल खरी असते, पण ती पाइप फुटल्याने आली, गच्चीतून झिरपली की शेजारच्या न्हाणीघरातून, हे नुसता डाग पाहून सांगता येत नाही. त्यासाठी डाग कुठे आहे, किती खोल आहे आणि आजूबाजूला काय पडझड झाली आहे हे पाहावे लागते. रेडिओलॉजिस्टही हेच तीन प्रश्न विचारतो.

कुठे, किती, आणि सोबत काय

पहिला प्रश्न जागेचा. आजाराची सूज सांध्याच्या कूर्चेला लागून असलेल्या हाडात असते. या सांध्यात त्रिकोणी हाडाच्या बाजूची कूर्चा जाड आणि कमरेच्या हाडाच्या बाजूची पातळ असते, म्हणून झीज बहुधा कमरेच्या हाडाच्या बाजूने आधी सुरू होते. सांध्यापासून दूरवरचा एखादा पांढरा ठिपका रक्तवाहिनीचाही असू शकतो. तपासणीच्या वेळी शरीराजवळ ठेवलेल्या कॉइलच्या जवळचा भागही कधी उगाच उजळ दिसतो. म्हणून तुलनेसाठी त्रिकोणी हाडाच्या मधल्या भागातली निरोगी मज्जा समोर ठेवतात. त्याहून स्पष्ट उजळ असेल तेच इडिमा.

दुसरा प्रश्न आकाराचा. स्पॉन्डिलोआर्थ्रायटिसवर काम करणाऱ्या ‘असास’ या आंतरराष्ट्रीय गटाने २००९ साली एक किमान अट ठेवली. सूज एकाच कापात दोन ठिकाणी असावी, किंवा एक ठिकाण असेल तर ते लागोपाठच्या दोन कापांत दिसावे. पुढे या गटाने आणखी जोर देऊन सांगितले की ती सूज या आजाराला साजेशी दिसायला हवी, केवळ आकडा जुळून भागणार नाही.

हा जोर देण्यामागे कारण होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात कसलीही कंबरदुखी नसलेल्या ४७ निरोगी माणसांचे एमआरआय, ते कुणाचे हे न सांगता, तज्ज्ञांसमोर ठेवले. त्यांपैकी ११ जणांचे एमआरआय या किमान अटीनुसार ‘पॉझिटिव्ह’ ठरले. बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीच्या सात स्त्रियांपैकी चौघींचेही ठरले. आजार असलेल्या ४७ जणांत हा आकडा ४३ होता. त्याच अभ्यासात एक महत्त्वाचा फरकही सापडला. हाडात खोलवर, साधारण एक सेंटिमीटर किंवा त्याहून आत गेलेली सूज जवळजवळ आजार असलेल्यांतच होती. हौशी धावपटूंवर आणि आइस हॉकीच्या खेळाडूंवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासातही अनेकांत छोटी सूज सापडली. या सांध्यातून धडाचे सगळे वजन पायांकडे जाते. सतत धावणाऱ्या किंवा नुकतीच बाळंत झालेल्या शरीरात तिथल्या हाडावर ताण पडतो आणि ताणलेल्या हाडातही पाणी वाढते.

तिसरा प्रश्न सोबतीचा. जुन्या दाहाच्या खुणा टी-वन चित्रात मिळतात. सांध्याची कडा गुळगुळीत न राहता खाल्ल्यासारखी तुटक दिसते, तिला इरोझन म्हणतात. जिथे दाह शांत झाला तिथे मज्जेत चरबी भरते आणि टी-वनमध्ये ठळक उजळ पट्टा दिसतो. फार पुढे गेले की हाडे एकमेकांना जुळतात. ताणामुळे आलेल्या सुजेसोबत अशा झिजेच्या खुणा सहसा नसतात. म्हणून नुसत्या स्टरवर भरवसा ठेवून टी-वन न पाहता दिलेला रिपोर्ट अपुरा असतो.

आपल्या तरुणाच्या रिपोर्टमध्ये काय होते? उजव्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना, सलग चार कापांत, साधारण बारा मिलिमीटर खोल सूज. डाव्या सांध्यात कमरेच्या हाडाच्या बाजूला लहान सूज. उजव्या बाजूच्या खालच्या तिसऱ्या भागात कडा खाल्लेली. डावीकडे चरबीचा लहान पट्टा, म्हणजे तिथे आधी दाह येऊन शमला होता. आसपासच्या स्नायूंत सूज नाही, पू नाही. कहाणी, रक्ततपासणी आणि चित्र तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होती. निदान झाले ॲक्शियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस, म्हणजे कण्याचा आणि या सांध्यांचा दाहजन्य आजार. त्याच्या पुढच्या, एक्स-रेवर स्पष्ट दिसणाऱ्या रूपाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात.

तीच ओळ, वेगळी कहाणी

आता तीच ओळ दुसऱ्या रिपोर्टमध्ये पाहा. तीस वर्षांची स्त्री, बाळंतपणाला सहा महिने झालेले. बाळाला उचलले, जिने चढले की कंबर दुखते, झोपले की बरे वाटते. सकाळी पाच-दहा मिनिटेच अवघडल्यासारखे होते. एमआरआयमध्ये दोन्ही सांध्यांच्या पुढच्या भागात उथळ पांढरे पट्टे, झीज नाही, चरबीचे पट्टे नाहीत. इथेही रिपोर्टवर ‘सॅक्रोइलायटिस’ हा शब्द येऊ शकतो. पण हिला आयुष्यभराचा संधिवात आहे असे म्हणणे चूक ठरेल. ताण कमी करणे, फिजिओथेरपी आणि काही महिने वाट पाहणे हा तिचा मार्ग.

तिसरा रुग्ण सगळ्यात जपून वाचायचा. एकाच बाजूचा सांधा, तीव्र दुखणे, संध्याकाळी अंगात कणकण, वजन घटलेले. एमआरआयमध्ये सूज हाडाबाहेर पसरून शेजारच्या इलियाकस स्नायूत गेलेली, कदाचित पू साठलेला. आपल्याकडे असे दिसले की आधी क्षयरोगाचा विचार करावा लागतो. गुरांशी संबंध असेल किंवा कच्चे दूध पिण्याची सवय असेल तर ब्रुसेलोसिसचाही. स्पॉन्डिलोआर्थ्रायटिसची सूज सहसा हाडाची हद्द ओलांडत नाही, जंतुसंसर्ग हद्द पाळत नाही. अशा रुग्णाला चुकून रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर क्षयरोग पसरू शकतो.

ही सांगड उलट दिशेनेही लागू होते. एमआरआय स्वच्छ आला म्हणजे आजार नाहीच, असेही नाही. एचएलए-बी२७ असलेल्या आणि कहाणी पक्की जुळणाऱ्या तरुणात काही महिन्यांनी एमआरआय पुन्हा करून पाहतात. सीआरपी सामान्य असलेलेही बरेच रुग्ण असतात. एचएलए-बी२७चे तर आणखी वेगळे. हे जनुक शरीरात असलेल्या बहुतेक माणसांना हा आजार आयुष्यभर होत नाही, आणि आजार असलेल्या काहींत ते नसते. म्हणून एकट्या रक्ततपासणीवर निकाल देता येत नाही.

उपचार सूज पाहून ठरतात का?

औषध सुरू करताना डॉक्टर प्रामुख्याने माणसाचे दुखणे, आखडलेपणा आणि हालचाल पाहतात. चित्रातली सूज आणि दुखण्याची तीव्रता यांचा मेळ प्रत्येक वेळी बसत नाही.

या तरुणाला नेप्रोक्सेन रोज, पूर्ण मात्रेत, ठरावीक काळ घ्यायला सांगितली. दुखले की गोळी, असे नाही. साधारण दोन-चार आठवड्यांत एका गोळीने पुरेसा फरक पडला नाही तर दुसऱ्या गटातली, उदाहरणार्थ एटोरिकॉक्सिब, देऊन पाहतात. या गोळ्या घेताना रक्तदाब, मूत्रपिंड आणि पोटातल्या अल्सरकडे लक्ष ठेवावे लागते. ‘गोळी लागते म्हणजे सवय लागली’ असे म्हणून ती मध्येच बंद करणे ही सर्रास होणारी चूक आहे. सोबत रोजचा व्यायाम, कण्याची लवचीकता आणि छाती फुगवण्याची क्षमता टिकवणारा, आणि धूम्रपान बंद. धूम्रपान करणाऱ्यांत कण्यातले बदल जास्त वेगाने होतात असे आढळले आहे.

दोन गोळ्यांनंतरही आजार आटोक्यात नसेल तर टीएनएफ किंवा आयएल-१७ हे दाहाचे निरोप अडवणारी जैविक इंजेक्शने, किंवा जॅक इनहिबिटर प्रकारच्या गोळ्या येतात. संधिवातात नेहमी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आणि सल्फासालाझिन ही औषधे कण्याच्या या दाहावर फारशी चालत नाहीत. टीएनएफ अडवणारे अडालिमुमॅब हे औषध अहमदाबादच्या झायडस कंपनीने २०१४ मध्ये बायोसिमिलर रूपात भारतात आणले, आणि त्यामुळे मूळ औषधापेक्षा स्वस्त पर्याय मिळाला. मात्र टीएनएफ हा शरीरात दडलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवण्यातही वाटेकरी असतो. म्हणून इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि मँटू किंवा इग्रा चाचणी होते, आणि सुप्त क्षय आढळला तर त्याचे औषध आधी सुरू करतात. हा टप्पा वगळायचा नसतो.

औषधाने आठवड्यांत किंवा महिन्यांत हाडातले पाणी ओसरू शकते. खाल्लेली कडा आणि चरबीचे पट्टे मात्र राहतात. दुखणे आटोक्यात असताना दर सहा महिन्यांनी ‘सूज किती गेली’ हे पाहायला एमआरआय करण्याची गरज नसते. निदान अडले किंवा औषधाचा उपयोग होत नसताना शंका आली, तर तो उपयोगी ठरतो.

हातात असा रिपोर्ट आला की डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मोजके आहेत. सूज एका बाजूला आहे की दोन्ही, किती खोल आहे, टी-वन चित्रात झीज किंवा चरबीचे पट्टे आहेत का, आणि शेजारच्या स्नायूत सूज आहे का. सोबत स्वतःकडून द्यायची माहिती असते. सकाळी किती मिनिटे आखडते, रात्री जाग येते का, आरामाने काय होते, बाळंतपण कधी झाले, किती धावता, घरात कुणाला क्षय झाला आहे का, कधी डोळा अचानक लाल होऊन दुखला का. हा शेवटचा प्रश्न कंबरेशी संबंध नसल्यासारखा वाटतो, पण या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत कधी ना कधी डोळ्याच्या मधल्या पडद्याला, युव्हियाला, दाह होतो. असा लाल, दुखरा, उजेड सहन न होणारा डोळा मेडिकलमधल्या थेंबांवर न सोडता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवायचा असतो, कारण उशिराने नजरेला कायमची इजा होऊ शकते.